ईदगाहातून बाहेर पडताना

ईदच्या सकाळी मैदान हळूहळू भरते. कोणी तासभर आधी येतो, कोणी तकबीर सुरू होता होता धावत येतो. परतताना मात्र सगळे एकाच वेळी उठतात. तासाभरात आत आलेले लोक दहा मिनिटांत बाहेर पडू पाहतात, आणि तेही ज्या फाटकाने आले त्याच फाटकाने. चपला तिथेच काढलेल्या असतात, मोटारसायकल तिथेच लावलेली असते. चंद्रपूरकरांना हे वेगळे सांगायला नको. गोंड राजांच्या परकोटाला चार दरवाजे आहेत, तरी सणाच्या दिवशी जटपुरा गेटमधून वाट काढणे म्हणजे काय, हे प्रत्येकाने अनुभवलेले आहे.

थोडा हिशेब करू. सपाट जागेवर एक मीटर रुंदीच्या वाटेतून मिनिटाला साधारण 80 माणसे धक्काबुक्की न होता जाऊ शकतात. ईदगाहात 4,000 नमाजी आहेत आणि फाटक 3 मीटरचे आहे असे धरले, तर मिनिटाला 240 माणसे बाहेर पडतील आणि मैदान रिकामे व्हायला सुमारे 17 मिनिटे लागतील. आता त्याच फाटकात एका बाजूला चपलांचा ढीग, दुसऱ्या बाजूला चंद्याची चादर, मध्ये फुगेवाला आणि गळाभेट घेणारे मित्र उभे राहिले की वाट दीड मीटरच उरते. 17 मिनिटांची 33 मिनिटे होतात. पण मागून येणाऱ्याला हे दिसत नाही. त्याला एवढेच वाटते की पुढचे लोक उगाच थांबलेत, म्हणून तो थोडे रेटतो. त्याच्या मागचाही रेटतो. कोणाच्याही मनात वाईट नसते, तरी पुढच्या माणसावर शेकडो जणांचा भार येतो.

मिनामध्ये 12 जानेवारी 2006 रोजी हेच झाले. जमरातच्या पुलाच्या तोंडाशी काही हाजी सामानाला अडखळून पडले. मागून येणाऱ्यांना ते कळले नाही, ते येतच राहिले. 346 हाजी मृत्युमुखी पडले. त्यानंतर जुना पूल पाडून अनेक मजल्यांचा नवा पूल बांधला गेला. येण्याचा मार्ग वेगळा, जाण्याचा वेगळा, आणि उलट फिरायचे नाही, हा त्याचा मूळ नियम आहे.

आपल्या गावच्या ईदगाहात पूल बांधायचा नाही. पण दुसरे फाटक बहुतेक ठिकाणी असतेच, फक्त त्याला कुलूप असते आणि किल्ली कोणाकडे आहे ते ऐनवेळी कळत नाही. 3 मीटरचे दुसरे फाटक उघडले की वरच्या हिशेबातील 17 मिनिटांची साडेआठ होतात. मात्र ते उघडे आहे हे लोकांना सांगावे लागते, आणि सांगण्याची वेळ नमाजाच्या आधीची आहे. ईदचा खुतबा नमाजानंतर असतो. सलाम फिरताच काही जण उठू लागतात, मग माइकवर कोण काय बोलतो हे कोणी ऐकत नाही. सफा बसलेल्या असतात तेव्हाच घोषणा करावी आणि दुआनंतर तीच, त्याच शब्दांत, पुन्हा करावी.

घोषणेत डावे-उजवे म्हणू नये. बोलणारा लोकांकडे तोंड करून उभा असतो आणि लोक किबल्याकडे, त्यामुळे त्याचे डावे ते त्यांचे उजवे होते. त्याऐवजी डोळ्यांना दिसणारी खूण सांगावी. एक नमुना असा:

“अस्सलामु अलैकुम. मैदानाला दोन फाटके आहेत आणि दोन्ही उघडी आहेत. मेहराबीच्या बाजूला वाट नाही. पाण्याच्या टाकीकडे बसलेल्यांनी टाकीच्या फाटकाने जावे. बाकीच्यांनी रस्त्याच्या मोठ्या फाटकाने जावे. दुआनंतर वृद्ध आणि लहान मुले सोबत असलेले आधी निघतील. त्यांच्यानंतर मागची सफ उठेल, मग तिच्या पुढची. आपली पाळी येईपर्यंत बसून राहावे. चपला पिशवीत घालून जवळ ठेवाव्यात. गळाभेट रस्ता ओलांडल्यावर घ्यावी. कोणी चुकले असेल तर पिवळ्या झेंड्याखाली यावे.”

झेंडा पिवळा यासाठी की हिरवे झेंडे त्या दिवशी चहूकडे असतात. ही जागा फाटकापासून दूर, सावलीत असावी आणि तिथे दोन स्वयंसेवक शेवटपर्यंत बसलेले असावेत. चार वर्षांच्या मुलाला वडिलांचे नाव विचारले तर ते “अब्बू” एवढेच सांगते. म्हणून घरून निघतानाच त्याच्या खिशात मोबाईल नंबर लिहिलेली चिठ्ठी ठेवावी. मूल सापडले की माइकवर त्याच्या कपड्यांचे वर्णन करू नये. “एक मूल सापडले आहे, पिवळ्या झेंड्याखाली या” एवढेच म्हणावे. कपड्यांचा रंग आणि नाव घ्यायला येणाऱ्याने सांगायचे. मूल त्याला ओळखते का ते पाहायचे, त्याचे नाव आणि नंबर वहीत लिहून घ्यायचे, मगच हाती द्यायचे.

आपल्या दोन जिल्ह्यांत आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी लागते. सिरोंच्याला वली हैदर शाह बाबांच्या उरुसात किंवा चंद्रपूरच्या महाकाली यात्रेत जमलेले सगळेच मराठी बोलणारे नसतात. तेलुगू बोलणारे असतात, गोंडी बोलणारे असतात. वाट चुकलेल्या म्हातारीला घोषणा कळलीच नाही तर झेंडा असून उपयोग नाही. म्हणून वाक्ये लहान ठेवावीत आणि तीच वाक्ये त्या त्या भाषेत, ती भाषा घरी बोलणाऱ्याकडून म्हणवून घ्यावीत.

एवढे करूनही फाटकात गर्दी तुंबली, तर काय? हात उचलून स्वतःच्या चेहऱ्याला लावता येत नसेल, तर गर्दी धोक्याची झाली असे समजावे. अशा वेळी “पळू नका, घाबरू नका” असे ओरडले की लोकांना पळण्याचेच सुचते. पुढच्यांना काही सांगून फायदा नसतो, ते हलूच शकत नाहीत. माइकवरून मागच्यांना सांगावे: “मागच्या लोकांनी जागेवर थांबावे. फाटकात माणूस पडला आहे. दोन पावले मागे या.” खरे कारण सांगितले की लोक ऐकतात. जो गर्दीत सापडला त्याने दोन्ही हात छातीपुढे धरून श्वासापुरती जागा राखावी, मुलाला वर उचलावे, निसटलेल्या चपलेसाठी वाकू नये, आणि रेटा ओसरला की तिरके सरकत कडेला यावे.

अखेरच्या हजमध्ये अरफातहून परतताना हजरत मुहम्मद (स.) यांना मागून ऊंट हाकण्याचा, मारण्याचा गलका ऐकू आला. त्यांनी कोरड्याने खूण करून लोकांना शांतपणे चालण्यास सांगितले, पुण्य घाईत नाही हे बजावले. त्याच रात्री मुजदलिफात हजरत सौदा (रजि.) यांनी, त्यांची चाल मंद असल्याने, गर्दीचा लोंढा सुटण्याआधी निघण्याची परवानगी मागितली आणि ती मिळाली. वरच्या घोषणेतील “वृद्ध आणि लहान मुले सोबत असलेले आधी निघतील” हे वाक्य वाचताना कोणी कुरकुर केली, तर त्याला ही हदीस सांगावी.