आयएसबीएनची दुहेरी पडताळणी
मिठबावसारख्या गावातील ग्रंथालयाची छापील यादी स्कॅन करून तिच्यातील आयएसबीएन, म्हणजे पुस्तकांचे तेरा अंकी क्रमांक, संगणकाकडून वाचून घेताना अंक चुकू शकतात, आणि त्यासाठीच शेवटचा अंक ‘तपासणी अंक’ असतो. ९७८०३०६४०६१५७ या क्रमांकातील पहिल्या बारा अंकांना आळीपाळीने १ व ३ ने गुणल्यास बेरीज ९३ येते आणि दहाच्या पुढच्या पटीला, म्हणजे १०० ला, ७ कमी पडतात. तोच तेरावा अंक होय. तिसरा अंक ८ ऐवजी ३ वाचला गेल्यास बेरीज ८८ होते, तपासणी अंक २ यायला हवा, आणि चूक उघड होते. मात्र ‘६१’ चे ‘१६’ झाल्यास बेरीज ८३ होऊन तपासणी अंक ७ च राहतो, कारण शेजारच्या अंकांत ५ चा फरक असला की अदलाबदल निसटते. म्हणून क्रमांक मूळ यादीत शोधून शीर्षक जुळल्यावरच नोंद स्वीकारावी.