चार रुपये बत्तीस पैशांचा माग

कोल्हापुरी चपला ऑनलाइन विकणारं एक छोटं दुकान डोळ्यांसमोर आणा. एका दिवशी तीन ऑर्डरी आल्या. ३,५०० आणि १,२०० रुपये कार्डाने, ५,००० नेट बँकिंगने. विक्री झाली ९,७०० रुपयांची. पेमेंट गेटवेने दोन कामकाजाच्या दिवसांनंतर बँकेत एकच रक्कम जमा केली: ६,९७५.४०. मधले २,७२४.६० रुपये कुठे गेले?

उत्तर गेटवेच्या सेटलमेंट अहवालात असतं. तिथे प्रत्येक व्यवहाराला स्वतंत्र ओळ असते. शुल्क २ टक्के धरू. ३,५०० वर ७० रुपये शुल्क आणि त्या शुल्कावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे १२.६०. उरले ३,४१७.४०. ५,००० वर १०० आणि १८ रुपये कापून ४,८८२ उरले. १,२०० वर मात्र फक्त २४ रुपये शुल्क, जीएसटी शून्य. या ओळींखाली अनपेक्षित चौथी ओळ आहे: उणे २,५००. मागच्या आठवड्यातल्या एका गिऱ्हाइकाने चपला परत केल्या होत्या, तो परतावा आजच्या रकमेतून वळता झाला. सगळं मांडून पाहा: शुल्क १९४, कर ३०.६०, परतावा २,५००. बेरीज बरोबर २,७२४.६०. पैसा न् पैसा सापडला.

मला खरं नवल वाटतं ते हिशेब जुळत नाही तेव्हाचं. कारण उरलेला फरक कधीच मुका नसतो.

समजा, कोणी ओळी न पाहता एकूण शुल्कावर, १९४ वर, सरसकट १८ टक्के कर लावला. तो येतो ३४.९२. फरक पडला ४.३२ चा. ही रक्कम किरकोळ म्हणून सोडण्याआधी तिला ०.१८ ने भागून पाहा. उत्तर येतं २४, म्हणजे १,२०० च्या ऑर्डरीवरचं नेमकं शुल्क! कार्डाने घेतलेल्या २,००० रुपयांपर्यंतच्या रकमेवरील सेवाशुल्काला २०१७ पासून जीएसटीची सूट आहे, ती इथे लागली. चार रुपये बत्तीस पैशांनी थेट ऑर्डरीकडे बोट दाखवलं.

दुसरी खूण बघा. रेझरपेच्या अहवालात `fee` या रकान्यात कर आधीच मिळवलेला असतो आणि `tax` रकाना त्यातला कराचा वाटा वेगळा दाखवतो. दोन्ही वजा केले तर कर दोनदा कापला जातो. मग आपल्या उदाहरणात फरक येईल नेमका ३०.६०, म्हणजे त्या दिवसाच्या एकूण कराएवढा. तिसरी खूण त्याहून गमतीची. फरक १,७५७.५२ आला, तर त्याला ०.९७६४ ने भागा, कारण शुल्क आणि कर जाऊन शंभरातले ९७.६४ रुपये हाती येतात. उत्तर १,८००. या रकमेची नेट बँकिंगची एखादी ऑर्डर दुसऱ्या दिवसाच्या सेटलमेंटमध्ये गेली असण्याची दाट शक्यता आहे.

म्हणूनच तारखेवरून जुळवणी करू नये. मध्ये रविवार आला, बँकेची सुट्टी आली की तारखा सरकतात. एका `settlement_id` खालच्या सगळ्या ओळी एकत्र करायच्या, त्यांची बेरीज `settlement_utr` वरून बँकेतल्या जमेशी जुळवायची आणि प्रत्येक ओळ ऑर्डर क्रमांकाने आपल्या विक्रीशी. परतावा त्याच्या मूळ ऑर्डरीशीच जोडायचा, आजच्या विक्रीशी नाही. तसं केलं की आणखी एक गोष्ट दिसते. त्या २,५०० वर पूर्वी कापलेले ५० रुपये शुल्क आणि ९ रुपये कर गेटवे सहसा परत देत नाही. जीएसटी नोंदणी असेल तर गेटवेच्या बिलावरून ९ रुपयांचं क्रेडिट मिळू शकतं, ५० मात्र दुकानाचा खर्च.

वहीत विक्री ९,७०० चीच लिहायची. बँकेत आले म्हणून ६,९७५.४० लिहिले, तर उलाढाल कमी दिसते आणि शुल्काचा खर्च, कराचं क्रेडिट दोन्ही हिशेबातून नाहीसे होतात. मध्ये ‘गेटवे खातं’ ठेवलं की सोपं होतं. विक्री तिथे नावे पडते, शुल्क, कर, परतावा आणि बँकेतली जमा तिथून वजा होते. या खात्यात उरेल ती रक्कम अजून गेटवेकडेच असलेल्या पैशांची.

फक्त बेरीज जुळली म्हणून थांबता येत नाही, कारण दोन विरुद्ध चुका एकमेकींना झाकू शकतात. ओळीला ओळ लावताना कधी अशी ओळ सापडते जिला आपल्याकडे ऑर्डरच नाही. पैसे आले, पण दुकानाच्या यंत्रणेपर्यंत तो निरोप पोचलाच नाही आणि ऑर्डर ‘अयशस्वी’ म्हणून पडून राहिली. अशा ओळीमागे पैसे भरून चपलांची वाट पाहणारं एक गिऱ्हाईक असतं. त्याला फोन आधी करायचा, बाकीची जुळवणी नंतर.