हात न लावता वाजणारा सूर

मध्यरात्र. ग्रेगरी पेक न्हाणीघरात दाढी करायला उभा आहे. समोर पांढरा फेस, पांढरं बेसिन, पांढरी खुर्ची. पांढऱ्यावरच्या गडद रेघा दिसल्या की या माणसाचं भान सुटतं, हे प्रेक्षकाला एव्हाना कळलेलं आहे. उघडा वस्तरा हातात धरून तो जिना उतरू लागतो आणि वाद्यवृंदातून एक सूर डोकं वर काढतो. बाई गुणगुणतेय म्हणावं, तर ती श्वास घेत नाही. व्हायोलिन म्हणावं, तर गज तारेला घासल्याची खरखर नाही.

हिचकॉकच्या ‘स्पेलबाउंड’मधला (१९४५) हा सूर थेरमिनचा. संगीतकार मिक्लोश रोझा. वाजवणारे सॅम्युअल हॉफमन पेशाने पायांचे डॉक्टर होते; दिवसा रुग्णांचे पाय तपासायचे आणि स्टुडिओत हवेत हात हलवायचे. थेरमिनला कुणी हात लावतच नाही. एक उभी दांडी, एक आडवं कडं. दांडीजवळ उजवा हात नेला की सूर चढतो; कड्याजवळ डावा हात नेला की आवाज बारीक होतो.

मला यातलं गणित सुरापेक्षाही अद्भुत वाटतं. पेटीत दोन विद्युत कंपनं चालू असतात, दोन्ही कानाला न ऐकू येणारी. समजा, एक सेकंदाला १,७०,००० वेळा होतंय आणि ते अढळ आहे. दुसरं दांडीशी जोडलेलं आहे. दांडी आणि वादकाचा हात मिळून एक इवलासा विद्युतसाठा तयार होतो. हात जवळ आला की तो वाढतो आणि दुसरं कंपन मंदावतं. ते १,६९,५६० वर आलं, की यंत्र दोघांतला फरक तेवढा ऐकवतं: ४४०. वाद्यवृंद ज्या ‘ए’ स्वरावर वाद्यं लावतात, तोच हा सूर. पाव टक्क्याच्या आसपास बदल आणि त्यातून अख्खा सूर!

ओळखण्याच्या खुणाही इथेच सापडतात. हवेत ना पडदे, ना पट्ट्या. एका सुरावरून दुसऱ्यावर जाताना हाताला मधली सगळी वाट तुडवावी लागते, म्हणून थेरमिनला मींड टाळणं कठीण. वादक डाव्या हाताने आवाज क्षणभर दाबून ती झाकतो, पण लक्ष देऊन ऐकलं तर सुराच्या टोकाशी घसरण कळतेच. दुसरी खूण कंपनाची. बोटं सतत थरथरतात, कारण स्थिर धरलेला सूर जरासा चुकला तरी उघडा पडतो. तिसरी खूण सुरुवातीची: सूर ठोक्याने सुरू होत नाही, फुगत येतो.

या तीन खुणा मिळाल्या म्हणून लगेच छाती ठोकू नका. गजाने वाजवलेली करवतही अशीच घसरते आणि थरथरते. ‘वन फ्ल्यू ओव्हर द ककूज नेस्ट’मध्ये (१९७५) ऐकू येते ती करवत. फरक शेवटात असतो: गज उचलल्यावरही पातं थोडा वेळ गुंजत राहतं आणि आपोआप विरतं. थेरमिनचा सूर वादकाच्या हाताने संपवावा लागतो. ‘घोस्टबस्टर्स’मधला (१९८४) भुताटकीचा सूर ओन्द मार्तनोचा. त्याला पट्ट्या असतात, त्यामुळे तो हवं तेव्हा मींड न घेता थेट पुढच्या सुरावर उडी मारतो आणि नेमका, टोकदार सुरू होतो. अशी स्वच्छ उडी ऐकू आली, की थेरमिनवर पैज लावू नये. व्होकोडरचं तर सोपंच आहे. ‘अ क्लॉकवर्क ऑरेंज’मधल्या (१९७१) बेथोव्हेनच्या नवव्या सिंफनीत यंत्र शब्द उच्चारतं, व्यंजनं ऐकू आली की थेरमिनचा प्रश्नच मिटतो.

आपल्याकडेही कानांची अशीच मजेदार फसगत झाली. ‘नागिन’मधली (१९५४) बीन गारुड्याची नव्हे, कल्याणजींनी क्लॅव्हायोलिन या विजेच्या छोट्या पट्टीवाद्यावर ती वाजवली होती.

सगळ्यात मोठा गैरसमज ‘स्टार ट्रेक’ या मालिकेचा. तिच्या जुन्या शीर्षकसंगीतातला तरंगता सूर थेरमिनचाच, असं कित्येक जण पैजेवर सांगतात. तो लूली जीन नॉर्मन या गायिकेचा आवाज आहे.

कान लावून बघायचं असेल तर बर्नार्ड हर्मन यांच्या ‘द डे द अर्थ स्टुड स्टिल’च्या (१९५१) संगीतापासून सुरुवात करा. त्यात थेरमिन एक नाही, दोन आहेत: एक वरच्या पट्टीत, दुसरं खालच्या. आधी खालचं शोधा. ते सापडायला जास्त वेळ लागतो.