झोपेची गोळी की झोपेची शिस्त?

घरात कुणी गेलं, झोप उडाली, तर डॉक्टरांनी दिलेली गोळी काही दिवस घ्यायला हरकत नाही. पण आठवड्यातल्या तीन रात्री, तीन महिन्यांहून जास्त काळ झोप लागत नसेल, तर आधी सीबीटी-आय ही उपचारपद्धती करावी, असं माझं स्पष्ट मत आहे. गोळी महिनोन्‌महिने चालली की सवय जडते, आणि एकदम सोडली की निद्रानाश अधिक जोराने परतू शकतो.

समजा, एक बाई रात्री दहाला आडव्या होतात, सहाला उठतात, पण झोप जेमतेम साडेपाच तास. दोन आठवड्यांच्या नोंदवहीतून हे कळलं, की त्यांना साडेबाराला झोपायला सांगतात. उठायचं मात्र सहालाच. अंथरुणातल्या वेळापैकी ८५ टक्के झोपेत जाऊ लागला, की दर आठवड्याला पंधरा मिनिटं वाढवायची. पहिले काही दिवस दिवसा पेंग येते. तेव्हा गाडी चालवू नये. गुण यायला काही आठवडे लागतात.

फिट्स किंवा बायपोलर आजार असेल, तर हा प्रयोग डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नका. आणि चालू गोळीही मनाने बंद करू नका. ती हळूहळूच कमी करावी लागते.