तिसऱ्या चुंबकाचं उत्तर

फेब्रुवारी १९२२. जर्मनीतल्या फ्रँकफर्ट शहरात वाल्टर गेरलाख यांनी एका छोट्या भट्टीत चांदी तापवली. निर्वात नळीत चांदीचे अणू वाफ होऊन बाहेर पडत होते. केसाहूनही अरुंद फटींमधून गाळून त्यांचा बारीक झोत तयार होई, तो एका चुंबकाच्या दोन टोकांमधून जाई आणि पलीकडच्या काचेवर चांदीचा अस्पष्ट थर साचे. चुंबक बंद असताना काचेवर एक रेघ उमटायची. चुंबक चालू केल्यावर ती मधोमध उकलली, मिटलेल्या ओठांमध्ये फट पडावी तशी. दोन रेघांमधलं अंतर जेमतेम एक पंचमांश मिलिमीटर होतं. गेरलाख यांनी तो फोटो पोस्टकार्डावर लावून कोपनहेगनला नील्स बोर यांच्याकडे पाठवला. प्रयोगाची मूळ कल्पना ओटो स्टर्न यांची होती, म्हणून तो दोघांच्या नावाने ओळखला जातो.

चुंबक साधा नव्हता. त्याचं एक टोक सुरीच्या पात्यासारखं निमुळतं आणि दुसऱ्यात खाच होती. त्यामुळे पात्याजवळ चुंबकीय क्षेत्र जोरदार आणि दूर गेलं की मंद, असा उतार तयार होई. हा उतारच महत्त्वाचा. क्षेत्र सगळीकडे सारखं असेल, तर अणूतला इवलासा चुंबक त्या क्षेत्राभोवती फक्त फिरत राहतो, बाजूला ओढला जात नाही. उतार असेल तर तो ज्या प्रमाणात वर रोखलेला असेल, त्या प्रमाणात वर सरकतो आणि खाली रोखलेला असेल तर खाली. भट्टीतून निघालेले अणू वाटेल त्या दिशेला रोखलेले असणार. मग काचेवर वरपासून खालपर्यंत सलग पट्टा उमटायला हवा होता. उमटल्या दोनच रेघा. मधलं काही नाहीच.

याचं खरं कारण तेव्हा कुणालाच ठाऊक नव्हतं. इलेक्ट्रॉनला स्वतःचं असं चुंबकत्व असतं, ही स्पिनची कल्पना उलेनबेक आणि गाउडस्मिट यांनी १९२५ मध्ये मांडली. चांदीच्या अणूत ४७ इलेक्ट्रॉन असतात. त्यातल्या ४६ जणांचं चुंबकत्व एकमेकांना पुरतं खोडून काढतं आणि सत्तेचाळिसाव्याचं तेवढं उरतं. या इलेक्ट्रॉनचा स्पिन अर्धा असल्यामुळे कोणत्याही अक्षावर मोजला, तरी दोनच उत्तरं मिळतात.

कोणत्याही अक्षावर, हे शब्द हलके नाहीत. चुंबक आडवा करा, अणू डावीकडे आणि उजवीकडे असे दोन झोतांत विभागतील. साठ अंशांनी कलता ठेवा, तरी त्या कलत्या रेषेवर दोनच झोत मिळतील. प्रश्न आपण कोणत्याही दिशेने विचारला, तरी उत्तर त्याच दिशेच्या ‘हो’ किंवा ‘नाही’त येतं.

आता असे चुंबक एकामागून एक लावू. पहिला चुंबक उभा. त्यातून खाली जाणारे अणू अडवू आणि वर गेलेले हजार अणू पुढे सोडू. दुसरा चुंबकही उभाच असेल, तर हजारच्या हजार पुन्हा वरच जातात. मांडणी नीट आहे की नाही, याची ही पहिली परीक्षा. काही अणू खाली गेलेच, तर दोन चुंबकांमधल्या जागेत भटकं क्षेत्र शिरून अणूंची दिशा फिरवतं आहे असं समजायचं. स्टर्न यांच्या हॅम्बुर्गच्या प्रयोगशाळेत ओटो फ्रिश आणि एमिलिओ सेग्रे यांनी १९३३ मध्ये दोन चुंबकांमध्ये मुद्दाम असं क्षेत्र ठेवून अणू उलटताना मोजलेच होते.

दुसरा चुंबक आडवा केला, तर ५०० उजवीकडे आणि ५०० डावीकडे जातात. डावे अडवू, उजवे ५०० पुढे नेऊ आणि तिसरा चुंबक पुन्हा उभा लावू.

धान्य निवडताना आधी चाळणीने जाड दाणे वेगळे काढले आणि मग त्यातले पिवळे वेचले, तर हातात जाड आणि पिवळे दाणे उरतात. पुन्हा चाळले, तर त्यातून बारीक दाणा निघणार नाही. त्याच न्यायाने आपल्या अणूंनी ‘वर’ आणि ‘उजवा’ अशा दोन्ही परीक्षा दिल्या आहेत, तेव्हा तिसऱ्या चुंबकात ५०० च्या ५०० वर जायला हवेत. प्रत्यक्षात २५० वर जातात आणि २५० खाली. पहिल्या चुंबकाने गाळून बाहेर टाकलेलं ‘खाली’ परत आलं! ‘वर’ हा गुण दाण्याच्या जाडीसारखा अणूला चिकटून राहिलेला नाही. ‘उजवा’ हे उत्तर नक्की झालं, तेव्हाच ‘वर की खाली’ याचं नक्की उत्तर नाहीसं झालं.

इथे एक सोपी शंका मनात येते. मधल्या चुंबकाने अणूंना धक्का दिला असेल आणि त्यात काही उलटले असतील. शंका रास्त आहे, आणि तिचं उत्तर या विषयातला मला सर्वांत विलक्षण वाटणारा भाग आहे. मधला चुंबक तसाच ठेवायचा, पण कोणताही झोत अडवायचा नाही. आणखी चुंबक लावून उजवा आणि डावा झोत अलगद परत एकत्र आणायचे आणि मगच तिसऱ्या, उभ्या चुंबकात सोडायचे. फक्त उजवी वाट उघडी असताना २५० खाली जात होते. फक्त डावी उघडी ठेवली, तरी २५० च खाली जातात. दोन्ही उघड्या ठेवल्यावर ५०० खाली जायला हवेत. जातात शून्य. हजारही वर जातात.

वाट वाढवली आणि पोचणारे संपले! धक्क्याने हे समजावता येत नाही, कारण अणू त्याच चुंबकातून गेले आहेत. पुंजयामिकी इथे शक्यता थेट मिळवत नाही. ती प्रत्येक वाटेला आधी एक संख्या देते, आणि ती ऋणही असू शकते. ‘वर’ पोचण्यासाठी उजव्या वाटेची संख्या १/२ आणि डावीचीही १/२. ‘खाली’ पोचण्यासाठी उजवीची १/२, पण डावीची −१/२. आधी बेरीज करायची, मग वर्ग. एकच वाट उघडी असेल तर वर्ग १/४, म्हणजे हजारात २५०. दोन्ही उघड्या असतील तर ‘वर’ची बेरीज १ आणि ‘खाली’ची ०. अणू कोणत्या वाटेने गेला याची खूण कुठेही उरली, तर मात्र ही बेरीज करता येत नाही. वर्ग वेगवेगळे करून मिळवावे लागतात आणि वर ५००, खाली ५०० असा हिशेब येतो. त्यासाठी ती खूण कुणी वाचायलाही लागत नाही.

कागदावर सोपं असलेलं हे एकत्रीकरण प्रयोगशाळेत फार अवघड आहे. दोन्ही झोतांची जागा आणि वेग दोन्ही तंतोतंत जुळावे लागतात. जरा फरक राहिला, तर तो फरकच वाटेची खूण ठरतो. एंगलर्ट, श्विंगर आणि स्कली यांनी १९८८ च्या सुमारास हिशेब मांडून दाखवलं, की यासाठी चुंबकीय क्षेत्रावर कमालीचा काटेकोर ताबा लागेल. इस्राएलमधल्या बेन गुरियन विद्यापीठात रॉन फोलमन यांच्या गटाने अखेर हे वर्तुळ पूर्ण केलं. त्यांनी भट्टीतली चांदी वापरली नाही, तर अतिथंड रुबिडियमचे अणू एका चिपवरच्या तारांतल्या विजेच्या क्षणिक झटक्यांनी दूर नेले आणि परत आणले.

झोत खरोखर एक झाले की नुसते एकमेकांवर पडले, हे ओळखायची रीतही आपल्या मांडणीत आहे. एका वाटेवर हलकं क्षेत्र लावून ते हळूहळू वाढवत न्यायचं. झोत खरे जुळले असतील, तर वर जाणाऱ्यांची संख्या हजारावरून शून्यापर्यंत उतरते आणि परत चढते. नुसती सरमिसळ झाली असेल, तर क्षेत्र कितीही वाढवलं तरी आकडा पाचशेवरून हलत नाही.