भिंतीच्या पोटातले तापमान

द्राक्षे साठवायच्या एका शीतगृहाची भिंत फोडली जात असताना मी तिथे उभा होतो. बाहेरचे नऊ इंची वीटकाम कोरडे ठणठणीत होते, आतला गिलावाही शाबूत. पण मधला थर्माकोलचा तुकडा हातात घेतला तर तो दगडासारखा जड लागला आणि त्याच्या कडेने पाणी ओघळले. आसपास कुठे पाइप नव्हता, छतही गळत नव्हते. मग भिंतीच्या पोटात पाणी आले कुठून? त्याचे उत्तर कागदावर दहा मिनिटांत मिळते. त्यासाठी भिंतीतल्या प्रत्येक थराच्या सीमेवर किती तापमान आहे, ते काढावे लागते.

बाहेर ३६ अंश आहे आणि आतली हवा ० अंशावर ठेवली आहे, असे धरू. उष्णता बाहेरून आत झिरपते आणि वाटेतला प्रत्येक थर तिला अडवतो. या अडवण्याला औष्णिक रोध म्हणतात. थराची जाडी मीटरमध्ये घ्यायची आणि त्या पदार्थाच्या उष्णतावाहकतेने भागायची, की रोध मिळतो. विटेची वाहकता साधारण ०.८, म्हणून २३ सेंटिमीटर वीटकामाचा रोध ०.२९. याचा अर्थ असा, की एक चौरस मीटर भिंतीतून एक वॉट उष्णता जायला विटांच्या दोन बाजूंमध्ये ०.२९ अंशाचा फरक लागतो. थर्माकोलची वाहकता जेमतेम ०.०३६, त्यामुळे त्याच्या १० सेंटिमीटर थराचा रोध २.७८ भरतो. दोन्हीकडच्या गिलाव्याचे प्रत्येकी ०.०२. भिंतीला चिकटून असलेला हवेचा पातळ पापुद्राही उष्णता अडवतो: बाहेर ०.०४, आत ०.१२.

थर एकामागे एक आहेत आणि तापमान स्थिर आहे, म्हणजे कुठल्याही थरात उष्णता साठत नाही. जेवढी एका थरातून आली, तेवढीच पुढच्यातून जाते. म्हणून रोधांची सरळ बेरीज करायची: ३.२७. छत्तीस अंशांच्या फरकाला ३.२७ ने भागले, की चौरस मीटरला ११ वॉट.

आता बाहेरून एकेक पायरी आत उतरू. प्रत्येक थरात तापमान ११ गुणिले त्या थराचा रोध एवढे घसरते. बाहेरचा पापुद्रा आणि गिलावा मिळून पाऊण अंशही खात नाहीत. विटा ३.२ अंश खातात, म्हणजे वीट आणि थर्माकोल भेटतात तिथे ३२ अंश. थर्माकोलमध्ये मात्र एकदम ३०.६ अंशांची घसरण होते आणि त्याच्या आतल्या तोंडाशी दीड अंशच उरतो. एवढ्या जाडजूड विटा या कामात जवळजवळ पाहुण्यासारख्या आहेत.

पाण्याचे कोडे इथे सुटते. बाहेरच्या ३६ अंशांच्या हवेत ४० टक्के आर्द्रता असेल, तर तिचा दवबिंदू सुमारे २० अंश येतो. त्याहून थंड जागी ही हवा पोचली की तिच्यातल्या वाफेचे पाणी होते. थर्माकोलमध्ये ३२ वरून २० अंशावर यायला साधारण ४ सेंटिमीटर पुरतात. विटांच्या सांध्यांतून हवा आत शिरली, तर त्यापुढे कुठेही पाणी धरू शकते.

त्या भिंतीत वाफ अडवणारा प्लास्टिकचा कागद होता. पण तो थर्माकोलच्या आतल्या बाजूला, दीड अंशाच्या जागी लावला होता. वाफ थर्माकोल ओलांडून तिथवर आली, अडली आणि तिचे पाणी झाले. हाच कागद किंवा डांबराचा लेप वीट आणि थर्माकोलच्या मध्ये असता, तर वाफ ३२ अंशांच्या जागीच थांबली असती आणि तिथे दव पडण्याचा प्रश्नच नव्हता.

भिजल्याचे पुढचे परिणामही याच हिशेबात दिसतात. पाण्यामुळे थर्माकोलची वाहकता दुप्पट झाली असे धरा. एकूण रोध १.८८ वर येतो आणि आत येणारी उष्णता ११ वरून १९ वॉटवर जाते. कॉम्प्रेसर जास्त वेळ चालू लागतो. पण भिंत वरून तशीच दिसते. आतला पृष्ठभाग फक्त एक अंशाने गरम होतो. हातातल्या तापमापक गनच्या चुकीतच तो एक अंश हरवून जातो. वीट आणि थर्माकोलची सीमा मात्र ३२ वरून २९ अंशांवर येते. बांधतानाच तिथे थर्मोकपलची तार सोडली असेल, तर हे तीन अंश पकडता येतात.

अर्थात हा हिशेब स्थिर अवस्थेचा आहे. ऊन पडणाऱ्या भिंतीत विटा दिवसा तापतात आणि रात्री ती उष्णता सोडतात. त्यामुळे दुपारच्या एका आकड्यावर भिस्त ठेवू नका. काही दिवसांची सरासरी घ्या. काँक्रीटची तुळई थर्माकोल भेदून आत गेली असेल, तर उष्णतेला शेजारून दुसरी वाट मिळते आणि तिथे ही सरळ बेरीज लागू पडत नाही.

शीतगृह बांधत असाल, तर आतला गिलावा चढण्याआधी एकदा स्वतः जाऊन पाहा: वाफ अडवणारा थर थर्माकोलच्या गरम बाजूला आहे ना, आणि त्याचे सांधे बंद आहेत ना.