घड्याळातली वेळ आणि हातातली सवड

शुक्रवारची रात्र, पावणेनऊ. पुण्यातल्या एका सर्व्हिस डेस्कवर संध्याकाळची शिफ्ट चालू आहे. ग्राहक कंपनी लंडनची. तिथे कुणाचा प्रिंटर बंद पडला, कुणाला फोल्डर उघडता आला नाही, की तक्रारीची नोंद होऊन ती इथे ‘तिकीट’ म्हणून येते. प्रत्येक तिकिटाला एक उलटं मोजणारं घड्याळ लागलेलं असतं. किती वेळात उत्तर द्यायचं, किती वेळात काम पुरं करायचं, हे दोन्ही कंपन्यांनी आधीच लेखी ठरवलेलं असतं. त्या कराराला म्हणतात एसएलए. मुदत हुकली की तिकीट ‘ब्रीच झालं’ आणि आकडा लाल होतो.

पडद्यावर पाच तिकिटं आहेत आणि माणूस एकच. समजायला सोपं जावं म्हणून हा नमुना मी बेतला आहे, पण अशी रांग कुठल्याही डेस्कवर रोज लागते. उरलेल्या वेळेप्रमाणे लावली तर ती अशी दिसते:

पहिलं, प्रिंटरचं : उणे २ तास, म्हणजे मुदत कधीच हुकलेली.
दुसरं, गोदामातली ऑर्डर-यंत्रणा बंद : पहिल्या उत्तराला ९ मिनिटं.
तिसरं, ईमेलची अडचण : १२ मिनिटं, पण घड्याळ थांबलेलं.
चौथं, नव्या कर्मचाऱ्याचं खातं उघडणं : ५० मिनिटं.
पाचवं, हिशेब विभागाला फोल्डरची परवानगी : २ तास १० मिनिटं.

नवखा माणूस वरून खाली येतो. प्रिंटरपासून सुरुवात करतो आणि फोल्डरचं तिकीट ‘अजून दोन तास आहेत’ म्हणून शेवटी ठेवतो. या दोन्ही ठिकाणी तो चुकतो, कारण त्याने फक्त आकडा वाचला. तो आकडा कुठल्या घड्याळाचा, हे पाहिलं नाही.

एका तिकिटाला बहुधा दोन घड्याळं असतात, एक पहिल्या उत्तराचं आणि दुसरं काम पुरं होण्याचं. गोदामाचं तिकीट सर्वांत वरच्या प्राधान्याचं, पी-१ आहे, कारण तिथे सगळं काम ठप्प झालंय. या करारात पी-१ला उत्तरासाठी १५ मिनिटं आणि दुरुस्तीसाठी ४ तास आहेत. तक्रार येऊन ६ मिनिटं झाली. म्हणजे दुरुस्तीला अजून ३ तास ५४ मिनिटं आहेत, पण उत्तराला नऊच. शिवाय पी-१चं घड्याळ रात्रंदिवस, सुट्टीच्या दिवशीही चालतं.

बाकीची घड्याळं तशी नाहीत. ती लंडनच्या कचेरीच्या वेळेत, सकाळी ९ ते संध्याकाळी साडेपाचपर्यंतच चालतात. उन्हाळ्यात आपल्याकडे तेव्हा दुपारचे दीड ते रात्रीचे दहा वाजलेले असतात. हिवाळ्यात लंडनची घड्याळं तासभर मागे जातात आणि हीच वेळ अडीच ते अकरा होते. आपला नमुना उन्हाळ्यातला आहे. फोल्डरच्या २ तास १० मिनिटांतली सव्वा तास आज दहापर्यंत संपतील आणि उरलेली ५५ मिनिटं सोमवारी दीड वाजता पुन्हा सुरू होतील. म्हणजे खरी मुदत सोमवारी दुपारी २ वाजून २५ मिनिटांची.

मग तर हे काम सोमवारवर टाकायला हरकत नसावी? खरी मेख इथेच आहे. ती परवानगी डेस्कवरचा माणूस देऊ शकत नाही, ती सर्व्हर टीम देते. तिला अर्धा तास लागतो, ती साडेनऊला घरी जाते आणि सोमवारी तिची पाळी तीन वाजता सुरू होते, म्हणजे मुदत टळून गेल्यावर. आपल्याच कंपनीतल्या दुसऱ्या टीमची वाट पाहताना घड्याळ थांबत नाही, ते थांबतं ग्राहकाच्या उत्तराची वाट पाहताना. म्हणून हे तिकीट नऊच्या आत त्यांच्या हाती पडलंच पाहिजे. पडदा दोन तास दहा मिनिटं दाखवतोय, हाती आहेत पंधरा.

अनुभवी माणूस उरलेली वेळ पाहून थांबत नाही, त्यातून कामाला लागणारी वेळ वजा करतो. उरते ती सवड. गोदामाच्या तक्रारीची चौकशी करून, उत्तर देऊन नेटवर्क टीमला फोन लावायला ४ मिनिटं लागतात. नवातून चार गेले, सवड ५. फोल्डरचं तिकीट नीट लिहून सोपवायला ५ मिनिटं. पंधरातून पाच गेले, सवड १०. खातं उघडायला २० मिनिटं. पन्नासातून वीस गेले, सवड ३०. हाच क्रम. गोदाम, मग फोल्डर, मग खातं. सव्वानऊच्या आत तिन्ही मार्गी लागतात. यादीत तळाला असलेलं फोल्डरचं तिकीट दुसऱ्या क्रमांकावर आलं.

थांबलेल्या घड्याळाचं तिकीट निर्धास्त वाटतं, पण ते तसं नसतं. ग्राहकाचं उत्तर आलं की घड्याळ उरलेल्या १२ मिनिटांपासूनच पुढे चालू होतं, नव्याने भरत नाही. उत्तर पावणेदहाला आलं तर ९ वाजून ५७ मिनिटांच्या आत काम उरकावं लागेल. म्हणून मधल्या वेळात जुनी नोंद वाचून, दुरुस्तीची तयारी करून ठेवायची.

राहिला प्रिंटर. १९५५मध्ये जॅक्सन या अमेरिकी संशोधकाने दाखवून दिलं की एका माणसासमोर कामं असतील, तर मुदतीच्या क्रमाने केल्यास सर्वांत मोठा उशीर कमीत कमी राहतो. १९६८मध्ये मूर यांनी पुढचा प्रश्न घेतला. सगळी कामं मुदतीत बसतच नसतील, तर कमीत कमी कामं चुकावीत यासाठी काय करायचं? त्यांची रीत सोपी आहे. मुदतीच्या क्रमाने कामं घेत जायचं आणि एखादं बसेनासं झालं, की तोवरच्यांतलं सर्वांत लांबलचक काम मागे टाकायचं. आधीच हुकलेल्या कामासाठी दुसरी कामं हुकवू नयेत, हे त्यातूनच निघतं. मात्र या हिशेबाला सगळी कामं सारखीच. चाळीस माणसं खोळंबलीत की एक, हे त्याला कळत नाही. ते प्राधान्यावरून माणसानेच ठरवायचं असतं.

आणि हिशेबात मागे पडलेला प्रिंटर कुणाचा तरी असतो. एकदा ब्रीच झालं की घड्याळाचा तगादा संपतो, आणि असं तिकीट दिवसेंदिवस पडून राहू शकतं. म्हणून हातातली तीन कामं होताच त्या माणसाला फोन करायचा, उशीर कबूल करायचा, नवी वेळ सांगायची आणि ती पाळायची.

घड्याळाला फसवणं अवघड नाही. ‘आपली तक्रार मिळाली, पाहतो’ एवढं लिहिलं की उत्तराचं घड्याळ थांबतं. ग्राहकाला काही न विचारताच तिकीट ‘ग्राहकाच्या प्रतीक्षेत’ टाकलं की दुसरंही थांबतं. अशा डेस्कचे अहवाल हिरवेगार असतात आणि ग्राहक वैतागलेले. या धंद्यात त्याला कलिंगड म्हणतात, बाहेरून हिरवं, आतून लाल. ओळखायचं असेल तर थांबवलेल्या तिकिटांतला शेवटचा संदेश वाचावा. त्यात ग्राहकाला विचारलेला प्रश्न नसेल, तर ते घड्याळ उगाच थांबवलेलं आहे. बंद केलेली तिकिटं पुन्हापुन्हा उघडत असतील, तर ती दुसरी खूण.

म्हणून डेस्कवर बसणाऱ्याने तिकीट उचलण्याआधी चार प्रश्न विचारावेत. हे घड्याळ कशाचं आहे? ते आत्ता चालू आहे का, आणि कुणाच्या वेळेने? काम माझ्याच हातात आहे की आणखी कुणाच्या? आणि तोवर किती माणसं खोळंबली आहेत? पडद्यावरचा आकडा यातल्या एकाचंही पूर्ण उत्तर देत नाही.